पोरगं चढावर उतरतं कुठं?

"मुलगा आठवीत गेलाय. शाळा सहा-सात किलोमीटर, रस्ता थोडा चांगला, थोडा खड्ड्यांचा, मध्ये चढ. गिअरची सायकल घेऊ की साधी?"

जून जवळ आला की दुकानात हे रोज कुणीतरी विचारतं. मी आधी विचारतो, पोरगं वाटेत सायकलवरून कुठं उतरतं? बहुतेकांना सांगता येत नाही, कारण सायकल अजून घ्यायचीच असते. मग मी म्हणतो, कुणाची तरी साधी सायकल मागून आणा, पोराला रविवारी सकाळी दप्तरासकट शाळेपर्यंत जाऊ दे आणि तुम्ही गाडीवरून मागं राहा. जिथं उतरेल ती जागा लक्षात ठेवा.

गेल्या वर्षी कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या एका ताई मुलाला घेऊन आल्या होत्या. त्याची शाळा विद्यापीठाच्या अंगाला. बावड्यातून ताराराणी चौकापर्यंत तसं फार जड नाही, पण पुढं विद्यापीठाकडं रस्ता चढत जातो. त्यांनी रविवारची फेरी करून पाहिली. पोरगं दोनदा उतरलं, आणि दुसऱ्या वेळी चांगलं शंभरेक पावलं सायकल ढकलत गेलं.

त्याला दिली होती ती सव्वीस इंची साधी सायकल. तिच्या पुढच्या चेनव्हीलला 44 दाते होते, मागच्या फ्रीव्हीलला 18. म्हणजे पायडलचा एक फेरा झाला की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं आणि सायकल पाच मीटर पुढं जाते. सपाटीवर मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी अठराचा वेग मिळतो, शाळकरी पोराला तेवढा भरपूर. चढावर मात्र वेग ताशी आठावर येतो आणि तेव्हा मिनिटाला जेमतेम सत्तावीस फेरे पडतात. एका फेऱ्याला दोन सेकंदांहून जास्त. पायडल वर आलं की तिथंच अडतं, पोरगं उठून उभं राहतं, पाठीवरचं दप्तर इकडून तिकडं झुलतं आणि हँडल लटपटतं. मला काळजी असते ती या लटपटण्याची, कारण शेजारून एसटी जात असते. पोराच्या दमाचं मला फारसं वाटत नाही, त्या वयात दम येतो आणि जातो.

गिअरवर खर्च करण्याआधी मी अठराचं फ्रीव्हील काढून बावीसचं बसवलं. बावीसचं मिळायला थोडी शोधाशोध लागते, वीसचं सहज मिळतं, आणि दाते वाढले की चेनमध्ये कड्याही वाढवाव्या लागतात. पण काम काही शे रुपयांत होतं आणि ही गोष्ट फार कुणी सांगत नाही. आता एका फेऱ्याला सायकल चार मीटरच्या थोडी वर जाते. त्याच चढावर, त्याच वेगाला मिनिटाला बत्तीस फेरे. सपाटीवर थोडा वेग गेला, पण पहिल्या ठिकाणी पोरगं उतरायचं थांबलं. दुसऱ्या ठिकाणी तरीही उतरलंच.

तुमच्या वाटेवर उतरायची जागा एकच असेल आणि चढ पन्नास-साठ पावलांचा असेल, तर इथंच थांबा. साधी सायकल घ्या, फ्रीव्हील बदलून घ्या. तिला चेनकव्हर पूर्ण असतं, त्यामुळं पावसाळ्यात चिखल चेनपर्यंत पोचत नाही आणि युनिफॉर्मची पँटही चेनमध्ये अडकत नाही. आमच्याकडच्या पावसात हे फार उपयोगाचं आहे.

त्या पोराचा दुसरा चढ मात्र लांब होता. त्याला मी गिअरची घ्यायला सांगितली, पण एकवीस गिअरची नाही. पुढं तीन आणि मागं सात म्हणून एकवीस म्हणतात, पण त्यातले बरेच एकमेकांवरच पडतात. पुढचं 34 दात्यांचं आणि मागचं 14 दात्यांचं धरलं तर हिशेब जवळजवळ साध्या सायकलइतकाच येतो. शिवाय पुढचा गिअर बदलणारा भाग हेच सगळ्यात कटकटीचं. चेन तिथंच उतरते, आणि पोरं वर्षभर पुढच्या मधल्याच चक्रावर चालवतात. म्हणून पुढं एकच चक्र आणि मागं सात अशी सायकल बघितली. पुढं 38, मागं 14 ते 28. सगळ्यात हलक्या गिअरला एका फेऱ्यात पावणेतीन मीटर, म्हणजे त्याच चढावर मिनिटाला अठ्ठेचाळीस फेरे. पोरगं बसून चढलं.

पुढच्या शॉकअपचा मोह आवरा. स्वस्त सायकलींवरचा शॉकअप जड असतो, आणि पोरगं उठून पायडल मारायला लागलं की ताकद दांडा खाली-वर करण्यातच जाते. खड्ड्यांना जरा रुंद टायर पुरतात. कॅरियर मात्र वेगळा घेऊन बसवा. गिअरच्या सायकलीला बहुतेक वेळा तो नसतोच, आणि दप्तर पाठीवरून कॅरियरवर गेलं की निम्मं लटपटणं जातं.

गिअरचा त्रास ऑगस्टात सुरू झाला. "तिसरा गिअर पडतच नाही, कर्रकर्र वाजतंय," म्हणत पोरगं आलं. वायरचा ताण बघायच्या आधी मी सायकलीच्या मागं उकिडवा बसलो. मागच्या गिअरच्या यंत्राला खाली दोन लहान चाकं असतात. मागून बघितलं तर ती फ्रीव्हीलच्या चक्रांच्या रेषेत सरळ दिसायला पाहिजेत. त्याची आत, तारांकडं झुकलेली होती. शाळेच्या स्टँडवर शेजारची सायकल उजव्या बाजूनं तिच्यावर पडली होती, आणि यंत्र ज्या पत्र्याच्या कानावर बसतं तो कान वाकला होता. अशा वेळी कान न बघता वायर ताणत बसलं तर गिअर तात्पुरते पडतात. मग एखाद्या दिवशी चढावर पोरगं सगळ्यात हलका गिअर टाकतं, यंत्र चाकाच्या तारांत जातं, चाक जागच्या जागी अडकतं. यंत्र गेलं, तारा गेल्या, आणि पोरगं रस्त्यावर. मी कान सरळ केला, आतल्या बाजूची मर्यादा ठरवणारा स्क्रू तपासला आणि मग वायरीचा ताण जुळवला. अर्ध्या तासाचं काम.

त्याला तिथंच एक सवय लावली. गिअर चढ लागायच्या आधी, पायडल हलकं फिरत असताना बदलायचा. चढावर मधोमध सगळा जोर देऊन खटका ओढला की चेन दात्यांवरून घसरते. आठवडाभरात त्याला ते जमलं.

चेन उघडी असल्यामुळं पावसात दर रविवारी काम असतं. जुन्या फडक्यानं चेन पुसायची, प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब, दहा मिनिटांनी वरचं तेल परत पुसून काढायचं. लोक हे शेवटचं करत नाहीत, मग त्या तेलाला वाळू चिकटते आणि चेन दाते खात सुटते. दिवाळीनंतर बावड्याकडं राजाराम कारखान्याची उसाची वाहतूक सुरू झाली की रस्त्यावर चेंगरलेला ऊस पडलेला असतो. त्यावरून ब्रेक मारत वळायचं नाही, हेही त्याला सांगून ठेवलंय. ते साध्या सायकलीलाही तितकंच लागू.

आता तो सायकल स्टँडच्या टोकाला, उजवी बाजू भिंतीकडं करून लावतो. शाळेतल्या काकांनी सुरुवातीला हाकललं होतं. कान वाकल्याची गोष्ट सांगितल्यावर त्यांनी ती जागा त्याला सोडून दिली.