पोस्टरवरचा बरगंडी

धरमपेठेतल्या सलूनमध्ये पोस्टरचा नमुना दाखवायला गेलो होतो. ताईंनी तो काउंटरवर पसरला. "भाऊ, मी बरगंडी सांगितलं होतं, हे तर चॉकलेटी दिसून राहिलं." त्यांच्या मोबाइलवर तीच फाइल होती आणि तिथे केस लालजर्द झळकत होते. फोटोतल्या मुलीचे केस मुळात काळे. रंग मी फोटोशॉपमध्ये चढवलेला.

आधी मोबाइलचा 'व्हिव्हिड' मोड बंद करून ब्राइटनेस अर्ध्यावर आणला. निम्मी झळाळी तिथेच गेली. मग पोस्टर दाराबाहेर सावलीत नेलं. उन्हात धरण्यात अर्थ नसतो, त्यात नागपूरचं दुपारचं ऊन! डोळे दिपतात आणि कागदही चमकतो. सावलीत मिनिटभर थांबलो, कारण आतल्या उजेडाला सरावलेले डोळे लगेच निवाडा देत नाहीत. केसांत लाल दिसू लागला, पण स्क्रीनवरच्याइतका नाही.

अशा वेळी मी केसांआधी चेहरा बघतो. आत चेहराही फिका, राखाडी वाटत होता, बाहेर तो नीट झाला. केस आणि कातडी दोन्ही एकदम बदलली तर दोष उजेडाचा. शाई स्वतः उजळत नाही, पडलेल्या उजेडातलाच काही भाग परत फेकते. स्वस्त एलईडीत गडद लाल कमी असेल तर तो परतणार कुठून? पण बाहेर चेहरा ठीक असूनही भांगाजवळचे केस काळेच राहिले. तो दोष छपाईचा.

माझ्या दुकानात येऊन प्रेसने दिलेलं त्या मॅट कागदाचं रंग-प्रोफाइल फोटोशॉपच्या 'प्रूफ सेटअप'मध्ये निवडलं आणि छापल्यावर कसं दिसेल ते बघायला `Ctrl+Y` दाबलं. भांगाजवळचा लाल स्क्रीनवरही विझला. मॅट कागदावर काळा फार खोल उतरत नाही, त्यामुळे गडद छटा एकमेकींत मिसळतात. सॅच्युरेशन वाढवूनही काही मिळालं नाही. `Shift+Ctrl+Y` दाबून पाहिलं, तर ते वाढवताना न छापता येणाऱ्या रंगांचे राखाडी डाग उलट वाढतच होते. म्हणून फक्त केसांच्या मास्कमध्ये कर्व्हने सावल्या उचलल्या, म्हणजे गडद भाग उजळ केला. चेहऱ्याला हात लावला नाही.

त्याच कागदावर, पोस्टरच्याच मापात, केसांच्या तीन पट्ट्या छापल्या: अ मध्ये सावल्या थोड्या उचललेल्या, ब मध्ये जरा जास्त, क मध्ये सगळ्यात जास्त. सलूनच्या भिंतीवर, पोस्टर लागणार तिथेच चिकटवल्या. अ तिथे अजून तपकिरी वाटत होती. क मध्ये लाल खुलला, पण केसांची खोली गेली, विग वाटू लागला. ब जमली. सावलीत ती किंचित जास्त लाल दिसते, तेवढं सोडून द्यावं लागतं. दोन्हीकडे हुबेहूब दिसेल अशी छपाई मला तरी जमत नाही.

"संध्याकाळी पिवळे दिवे लावते मी," ताई म्हणाल्या. लावून पाहिले. केस आणखी लालसर झाले, पण चेहराही त्याच बाजूला झुकला, म्हणून खटकलं नाही. ब ठरली. निघताना त्यांनी विचारलं, हेच पोस्टर बाहेरच्या काचेवरही लावू का? तिथे दिवसाचा उजेड. म्हटलं, त्यासाठी अ छापू.