बिकिनी लाइन, ट्रिमर आणि जांघेतली ती घडी : माझा अनुभव

रेझर वापरला की मला जांघेत पुळ्या येतात. नवा रेझर, महागडा जेल, गरम पाण्याचा शेक, सगळं करून पाहिलं तरी येतातच. त्यावर स्विमिंग कॉस्च्यूमचं घट्ट इलॅस्टिक घासायचं आणि तलावातलं क्लोरीनचं पाणी लागलं की अशी आग व्हायची की पोहण्यावरून लक्षच उडायचं. कॉटनचे कपडे तलावात चालत नाहीत, नायलॉनचाच कॉस्च्यूम हवा, त्यामुळे सैल काहीतरी घालून वेळ मारून नेणंही शक्य नव्हतं. आता मी रेझर सोडून ट्रिमर वापरते आणि तो त्रास थांबला आहे.

रेझरने असं का होतं, हे मला त्वचेच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं. या भागातले केस जाड आणि कुरळे असतात. रेझर, त्यातही दोन-तीन पात्यांचा, केस ओढून त्वचेच्या पातळीच्याही किंचित खाली कापतो. टोक तिरकं आणि धारदार होतं, वाढताना वळतं आणि बाहेर येण्याऐवजी त्वचेतच शिरतं. शरीर त्या केसाला काटा टोचल्यासारखंच वागवतं, म्हणून तिथे लाल पुळी उठते. ट्रिमर केस त्वचेच्या थोडा वर कापतो. साधारण अर्धा मिलिमीटर खुंट बाहेर राहतो, त्यामुळे टोक आत शिरायची वेळ सहसा येत नाही. याचा अर्थ असा की ट्रिमरने रेझरसारखं गुळगुळीत कधीच होणार नाही. बोट फिरवलं तर खरखर लागते, फार जवळून पाहिलं तर ठिपके दिसतात. पोहायला जायचं असेल तर तेवढं पुरतं, असं माझं ठाम मत आहे.

सपाट भागात काहीच अडचण नाही. केस कोरडे हवेत, ओले असले की चिकटून बसतात आणि कापायचे राहतात. लांब असतील तर आधी बोथट टोकाच्या कात्रीने साधारण सेंटीमीटरभर ठेवायचे, नाहीतर ट्रिमर ओढतो. मग ट्रिमरच्या पात्यावर ३ मिलिमीटरचा कंगवा लावून केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने सगळीकडे एकदा फिरवायचा. हे पाच मिनिटांचं काम आहे.

सगळं अडतं ते मांडी आणि ओटीपोट जिथे मिळतात त्या घडीत. कोणी सल्ला देतं तेव्हा या घडीबद्दल एक अक्षर नसतं, फक्त ‘हलक्या हाताने करा’. हलक्या हाताने काय करायचं? तिथली कातडी पातळ आणि सैल असते. कंगवा न लावता ट्रिमर नेला की ती दातांच्या मधे सापडते आणि चिमटा बसतो, कधी रक्तही येतं. कंगवा लावला तर घडीतले केस त्याच्याखाली दबून तसेच राहतात आणि नेमके तेच कॉस्च्यूमच्या कडेबाहेर डोकावतात.

मी सोडवलं ते असं. उभ्याने करायचं नाही. पलंगाच्या कडेला टॉवेल टाकून मागे टेकून बसायचं, एक गुडघा दुमडून बाहेर कलता ठेवायचा. मांडी बाहेर गेली की घडी उघडते आणि तो भाग जवळजवळ सपाट होतो. मग मोकळ्या हाताचा तळवा ओटीपोटावर ठेवून कातडी वर, बेंबीच्या दिशेने ताणायची. ताण एवढाच की सुरकुती जाईल, पांढरी पडेपर्यंत नाही. आता कंगवा काढायचा आणि ट्रिमरचं डोकं त्वचेवर आडवं टेकवायचं. टोकाने उभं धरलं की दात कातडीत रुततात, चिमट्याचं खरं कारण हेच. दाब अजिबात नको, ट्रिमरचं स्वतःचं वजन पुरेसं आहे. एकेक बोटभर अंतर कापायचं, उचलायचं, कातडी पुन्हा ताणायची. एकाच जागी तीन-चार वेळा घासायचं नाही, कारण पातं त्वचेला वारंवार लागलं की लाली येते आणि मग रेझर सोडून काय मिळवलं?

कुठपर्यंत कापायचं, हेही या घडीतच ठरतं. मी कॉस्च्यूमच्याच कापाची जुनी निकर घालून बसते आणि तिच्या कडेबाहेर जे येईल तेवढंच काढते. पण उभं असताना जिथे कड असते तिथे ती पोहताना राहत नाही. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पाय बाहेर फेकले की इलॅस्टिक आत सरकतं. म्हणून एकदा पाय तसे फाकवून पाहायचं आणि कडेच्या आत अर्ध्या बोटाएवढी पट्टी जास्त घ्यायची. त्याहून आत बिनकंगव्याचं पातं मी नेत नाही. आतली कातडी आणखी नाजूक आहे आणि कॉस्च्यूमखाली ती दिसतही नाही. तिथे ३ मिलिमीटर पुरे.

ट्रिमरबद्दल सांगायचं राहिलं. दुकानात दाढीचाच पुढे करतात, तोही चालतो, फक्त डोकं लहान आणि दातांची टोकं गोल असावीत. तो फक्त आपला आणि फक्त या भागाचा. नवऱ्याचा किंवा बहिणीचा उचलायचा नाही, चेहऱ्यालाही तोच लावायचा नाही. चार्जिंग पूर्ण हवं. बॅटरी उतरली की पातं मंदावतं, केस कापण्याऐवजी उपटतं आणि त्याची वेदना या जागी फार असते. बराच वेळ चालला की पातं तापतं, मधे मनगटाला लावून बघायचं. वापरून झाल्यावर ब्रशने केस झाडायचे, धुता येत असेल तरच धुवायचं, नीट वाळवायचं आणि पात्यावर तेलाचा एक थेंब.

पोहायच्या दिवशी सकाळी घाईत करू नका, आदल्या संध्याकाळी करा. बारीक खरचटलेलं असेल तर क्लोरीनच्या पाण्याआधी रात्रभर वेळ मिळतो. झाल्यावर कोमट पाण्याने आंघोळ, टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं, मग बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर आणि सैल सुती निकर. पोहून आल्यावर ओला कॉस्च्यूम घालून गप्पा मारत बसू नका. आठवड्याभरात पुन्हा हात फिरवावा लागतो.

आणि एक गोष्ट कळकळीने. जांघेत खाज आली की मेडिकलमधून ‘खाजेची ट्यूब’ आणायची आपल्याकडे सवय आहे. मलाही न विचारता तीच दिली होती. त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, पण जांघेतली पातळ कातडी त्याने आणखी पातळ होते, कायमचे चट्टे पडू शकतात, आणि मूळ त्रास गजकर्णाचा असेल तर तो पसरतो. फरक ओळखता येतो. रेझरच्या पुळ्या सुट्या असतात, प्रत्येकीच्या मधे केस असतो, आणि त्या केस काढल्यावर एक-दोन दिवसांत उठतात. गजकर्णाचा गोल चट्टा असतो, कड उठलेली, मधला भाग निवळलेला, आणि तो केस काढले नाहीत तरी पसरत जातो. पुळ्या असतील तर त्या निवळेपर्यंत तिथे काहीच फिरवायचं नाही, ट्रिमरसुद्धा नाही, आणि अडकलेला केस सुईने उकरायचा नाही. पू झाला, गाठ दुखू लागली, ताप आला किंवा गोल चट्टा दिसला, तर थेट त्वचेच्या डॉक्टरांकडे जा आणि ट्यूब लावली असेल तर तिचं नाव त्यांना दाखवा.