बांधाखाली सापडलेली जमीन

इंदूरजवळच्या त्या शेतकरी काकांची तक्रार साधी होती. उताराच्या वरच्या तुकड्यात सोयाबीन पूर्वी बिघ्याला चार क्विंटल व्हायचं, आता जेमतेम अडीच होतं. डीएपी मात्र अर्ध्या पोत्यावरून एक पोतं झालं होतं. "ताई, खत दुप्पट घातलं तरी जमीन ऐकत नाही," असं म्हणत त्यांनी माती परीक्षणाचा कागद पुढे केला. त्यात स्फुरद भरपूर होतं, जस्त आणि गंधक कमी. आणखी खत घालून काहीच व्हायचं नव्हतं, हे एवढ्यावरच कळत होतं. पण परीक्षणाचा नमुना फक्त वरच्या पंधरा सेंटीमीटरचा असतो. खाली किती जमीन उरली आहे, ते त्यातून कळत नाही. म्हणून मी खड्डे घ्यायचं सुचवलं.

पहिला खड्डा वरच्या तुकड्यात घेतला. माळव्याच्या काळ्या मातीत थर रंगावरून ओळखणं अवघड, सगळं काळंच दिसतं. म्हणून मी पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकत खाली जाते. चुना असेल तिथे माती फसफसते. इथे नांगरटीच्या थरातच फेस आला, चुनखडीचे खडे हाताला लागले आणि अडतीस सेंटीमीटरवर पहार मुरमावर आपटली.

पण काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि स्वतःलाच वरखाली करते. खालचे खडे तसेही वर येऊ शकतात. नुसत्या फेसावरून धूप झाली असं म्हणणं घाईचं ठरलं असतं. तुलनेला न नांगरलेली जमीन हवी होती आणि ती त्याच उंचीवर, जुन्या बाभळीच्या बांधावर मिळाली.

तिथला खड्डा पाहून काका गप्प झाले. वर अठरा सेंटीमीटर काळसर, दाणेदार, मुळांनी भरलेली माती. आम्ल टाकलं, तर फेस नाही. हा ए थर, कुजलेला पालापाचोळा मिसळलेल्या मातीचा. त्याखाली घट्ट चिकणमातीचा बी थर, ढेकूळ फोडलं की आतून चकाकणारा. त्याच्या तळाशी चुनखडी आणि सत्तर सेंटीमीटरवर मुरूम, म्हणजे सी थर. शेतातला ए थर पूर्ण गेला होता. काका ज्यात पेरत होते, तो बी थराचा चुनखडीचा तळ होता. बांधाशी थोडी माती अडून साचतेच, म्हणून बत्तीस सेंटीमीटरचा सगळा फरक धुपेचा धरता येत नाही. तरी एक वीत जमीन नक्कीच गेली होती.

ती कुठे गेली, ते उताराच्या पायथ्याशी दिसलं. तिथे वरून वाहून आलेल्या मातीचा सैल थर होता आणि त्याखाली जुना दाणेदार ए थर गाडलेला. जी बारीक माती नाल्यात गेली, तिचा हिशोब यात नाहीच. शेत उताराला लांबट, त्यामुळे ट्रॅक्टरची पेरणी वरून खाली. पेरणीची प्रत्येक ओळ पाण्याला वाट करून देत होती आणि नांगरही दरवेळी माती थोडी खाली ढकलत होता.

सेंद्रिय कर्ब बांधाखाली ०.८२ टक्के, वरच्या तुकड्यात ०.३१. एक सेंटीमीटर माती म्हणजे हेक्टरी सुमारे १३० टन. बांधाखालच्या कर्बाच्या हिशोबाने त्यात शंभर किलोच्या आसपास नत्र असतं. युरियाची जवळपास पाच पोती! ते दरवर्षी थोडं थोडंच पिकाला मिळतं, पण आपोआप मिळत राहतं. ते संपत होतं तेव्हा खताने उत्पन्न काही वर्षं टिकवून धरलं आणि झीज दिसूच दिली नाही. मला खतांच्या अतिवापराचं सगळ्यात मोठं नुकसान हेच वाटतं. खतांमुळे जमीन आम्ल होते, असं सरसकट बोलतात. इतका चुना असलेल्या जमिनीत ते सहजी होत नाही. इथे बिघडलं ते वेगळंच. डीएपीतल्या स्फुरदाचा मोठा भाग चुन्याशी बांधला जात होता, आणि साठलेलं स्फुरद पिकाला आधीच कमी असलेलं जस्त घेऊ देत नव्हतं. पूर्वी काका सुपर फॉस्फेट घालायचे, त्यातून गंधकही जायचं. डीएपीत ते नसतं.

या खरिपात वरच्या तुकड्यात डीएपी बंद, बिघ्याला पाच किलो झिंक सल्फेट, गंधकासाठी जिप्सम आणि घरचं सगळं शेणखत तिथेच, एवढं ठरलं. पेरणी उताराला आडवी, रुंद वरंब्यांवर.

"मग ती वीतभर माती परत येईल?" काकांनी विचारलं. कर्ब वाढेल, पण खोली आपल्या हयातीत येणार नाही, हे मला सांगावंच लागलं. मुरमाची माती व्हायला शतकं लागतात. उरलेली टिकवायची तर वरच्या शेतातून येणारं पाणी आधी चर खणून वळवायला हवं, आणि तो चर शेजाऱ्याच्या हद्दीतून जातो. काका त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे बोलायला गेले.