‘नुकताच’ या शब्दाची लांबी

आठ ओळींच्या एका कवितेवर छोटी चित्रफीत करायला घेतली, तेव्हा पहिल्याच कच्च्या जुळणीत माझ्या हातून अंकलिपी तयार झाली. कविता माझीच होती, त्यामुळे दोष द्यायला दुसरे कोणी नव्हते. ती अशी:

दार लोटले, आतला
अंधार जागा होता.
खुंटीवरचा सदरा
अजून तसाच –
बाहीला घडी पडली होती
कोपराजवळ,
जणू हात नुकताच
निघून गेला.

मी काय केले होते, तर ‘दार’ म्हटल्यावर दार दाखवले, ‘अंधार’ म्हटल्यावर काळोखी खोली, आणि ‘सदरा’ म्हटल्यावर खुंटीवर लटकणारा एक बरा इस्त्री केलेला सदरा. द दाराचा, स सदऱ्याचा. पाहताना कंटाळा येत होता, पण त्याहून वाईट गोष्ट अशी की कविता लहान झाली होती. शब्दातला सदरा ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या कुणाचा तरी असतो. पडद्यावरचा सदरा मात्र मी कपाटातून काढून आणलेला, ठरावीक रंगाचा आणि ठरावीक मापाचा. तो दिसला की मनातला सदरा मुकाट्याने बाजूला होतो.

चित्रे बाजूला ठेवून मी आधी वाचन नोंदवले. संकलनात पुढे ज्याच्या आधाराने सगळे बसवायचे, असे हे कच्चे वाचन. ते फोनवर केले तरी चालते. पहिल्यांदा १७ सेकंद लागले, आणि ऐकल्यावर कळले की मी कविता वाचलेली नसून तिची माहिती दिलेली आहे. कितीतरी प्रयत्नांनंतर जे वाचन बरे वाटले ते २६ सेकंदांचे होते. संगणकावर दोन्हींचे ध्वनिआलेख एकाखाली एक ठेवले, तेव्हा शब्दांचे उंचवटे जवळजवळ सारख्याच रुंदीचे दिसले. वाढलेले नऊ सेकंद सगळेच्या सगळे विरामांत गेले होते, आणि त्यांतले चार एकट्या ‘तसाच’नंतरच्या रेघेत. म्हणजे वाचनाची गती शब्द ओढून बोलण्याने बदलत नाही, न बोलण्याने बदलते. चित्रांना जागा मिळणार होती ती तिथेच.

आता चित्रे कसली, हा प्रश्न. कविता पुन्हा वाचताना लक्षात आले की तिचा सगळा भार दार, सदरा वा घडी यांच्यावर नसून ‘नुकताच’वर आहे. कुणीतरी गेल्याला किती काळ लोटला हे कविता सांगत नाही. ती फक्त घडीकडे बघून काळाचा अंदाज चुकवते. तेव्हा मला सदऱ्याचे नव्हे, तर हालचाल आत्ताच थांबलेल्या वस्तूंचे चित्रण हवे होते. अशा वस्तू शोधू लागलो की खूप सापडतात. त्यांतल्या तीन ठेवल्या: भिंतीवर थरथरून स्थिर होत जाणारा उजेडाचा तुकडा, घडी उलगडूनही पुन्हा मिटू पाहणारा कागद, आणि काचेवरून विरत जाणारी श्वासाची वाफ. यांच्या आधी एक काळोखाचे दृश्य, म्हणजे एकूण दृश्ये चार.

‘आतला’ या शब्दावर ओळ तुटते आणि ‘अंधार’ पुढच्या ओळीत येतो. उजेडातून आत आलेल्या डोळ्यांना क्षणभर काहीच दिसत नाही, तेवढाच तो क्षण आहे. म्हणून सुरुवातीची सात सेकंदे आवाजाविना ठेवली, आणि पडदा जवळजवळ काळा असताना त्यातून खोलीच्या कडा हळूहळू वर येऊ दिल्या. ‘अंधार जागा होता’ हे ऐकू येईपर्यंत पाहणाऱ्याचा अंधार खरोखरच जागा झालेला असतो. हे लेन्सचे छिद्र मोठे करत साधू म्हटले, तर माझ्या लेन्सची कडी खटके घेत फिरायची आणि उजेड पायऱ्यापायऱ्यांनी वाढायचा. शेवटी खिडकीवर जाड कापड लावून ते कुणाला तरी सावकाश सरकवायला सांगितले.

कागदाने दोन संध्याकाळी घालवल्या. समोरून प्रकाश टाकला की घडी नाहीशीच होते आणि उरतो कोरा कागद. दिवा अगदी बाजूला, कागदाच्या पातळीला आणल्यावर घडीच्या एका बाजूला सावली पडली आणि ती कोपरासारखी दिसू लागली. त्या सादृश्याने मी इतका खूश झालो की ते अधिक स्पष्ट करायला निघालो होतो. माझ्या संकलक मैत्रिणीने तिथेच थांबवले. तिचे म्हणणे, “कोपर दिसलं की तू पुन्हा सदराच दाखवलास.”

जोडकामात दुसरा सापळा होता. आठ ओळींना सात सांधे, आणि मी प्रत्येक सांध्यावर दृश्य बदलत होतो. ऐकताना कविता वाटायची, पाहताना घड्याळ. शेवटी तीनच छेद उरले. पहिला ‘खुंटीवरचा’ या शब्दाच्या अर्धा सेकंद आधी, म्हणजे सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर १२ चौकटी अगोदर, जेणेकरून चित्र शब्दाचे उत्तर न होता त्याची चाहूल होईल. दुसरा ‘तसाच’नंतरच्या शांततेच्या मध्यावर, जिथे शब्दच नाही. तिसरा ‘जणू’ आणि ‘हात’ यांच्यामध्ये, ऐन ओळीत. व्याकरणाच्या दृष्टीने तो चुकीच्या जागी आहे, पण ‘जणू’ म्हटल्यावर जी कल्पनेत उडी घ्यायची ती तिथेच असते.

मधल्या काळात ओळी पडद्यावर लिहूनही दाखवाव्यात असा मोह झाला. करून पाहिले आणि काढून टाकले. मनातले वाचन आवाजापेक्षा वेगवान असते. ‘जणू हात’ ऐकू येत असताना डोळे ‘निघून गेला’पर्यंत पोचलेले असत आणि शेवटची ओळ शिळी होऊन कानावर पडे. अक्षरेच दाखवायची, तर आवाज काढावा आणि एकेक ओळ दोनदा सावकाश वाचता येईल इतकी टिकवावी. ती मग वेगळी चित्रफीत होते.

बदललेली जुळणी तपासायला आम्ही दोन गोष्टी केल्या. आधी आवाज बंद करून पाहिली; नुसत्या चित्रांतून कविता पूर्ण कळली असती, तर ती पुन्हा अंकलिपी झाली असती. मग त्याच चित्रांखाली पावसावरची एक वेगळी कविता वाचून पाहिली. कागद तिथे परका वाटला, वाफ मात्र छान बसली, आणि मी जरा घाबरलो. जे चित्र कुठल्याही कवितेला चालते ते या कवितेचे नसते. धुके, लाटा आणि उडणारे पक्षी यांचा म्हणूनच मला राग आहे. वाफ वाचली ती तिच्या कालावधीमुळे. ‘गेला’ हा शब्द संपतो तेव्हा काचेवर ती निम्मीअधिक शिल्लक असते आणि पुढची दहा सेकंदे, कुणी काही बोलत नसताना, कडांकडून मध्याकडे आटत जाते. पावसाच्या कवितेत ती नुसती वाफ होती.

त्या दहा सेकंदांत पूर्ण निःशब्दता ठेवली तेव्हा एकाला यंत्र बिघडले असे वाटले. म्हणून त्याच खोलीत कुणीही नसताना अर्धा मिनिट नुसता खोलीचा आवाज नोंदवला आणि तो सुरुवातीपासून अखेरपर्यंत सगळ्याखाली अंथरला. वाफ संपताच चित्र संपवले, तर ते जादूच्या प्रयोगासारखे दिसत होते. तेव्हा मोकळी काच आणखी ४८ चौकटी राहू दिली आणि एकूण लांबी ४५ सेकंद झाली. मैत्रिणीच्या मते ३६ चौकटी पुरे. आम्ही अजून त्यावर भांडतो.