ताकीदपत्र एकदा परत आलं, त्याची गोष्ट

वेंगुर्ल्याजवळच्या एका काजू कारखान्यात मी ऑफिस सांभाळते. गोदामाची किल्ली असलेल्या काकांना उशिरा येण्याबद्दल लेखी ताकीद द्यायची होती. एका पानाचं काम, पण तीन आठवडे गेले. त्याची चीड अजून मनातून गेलेली नाही.

कामाची वेळ आठची, वर दहा मिनिटांची सवलत. काकांनी गोदाम उघडून बी वजन करून दिल्याशिवाय काजूबी फोडणाऱ्या 14 बायकांना काम सुरू करता येत नाही. त्यांना मजुरी किलोवर मिळते. काका अर्धा तास उशिरा आले की बायका पडवीत बसून राहतात आणि तेवढी कमाई त्यांच्या हातून जाते. जून महिनाभर तोंडी सांगून झालं. जुलैअखेर मशीनवरचा हजेरीचा कागद काढला, त्यात 11 दिवस उशीर निघाला. मालक म्हणाले, "आता लेखीच द्या."

मी त्याच दिवशी पत्र टाईप केलं. "आपण नेहमीच उशिरा येता, आपल्याला कामाचे गांभीर्य नाही," असं रागाच्या भरात लिहून गेले. काकांनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि टेबलावर ठेवलं. "ताई, ह्यां मशीन फुडे आसा. मी सही करूचंय नाय."

मला ती पळवाट वाटली. तरी मोबाईल मशीनशेजारी धरून पाहिला, तर मशीन खरंच सहा मिनिटं पुढे! कधीपासून, हे कोणालाच सांगता येईना. लाईट गेली-आली की घड्याळ सरकत असावं, असा आमचा अंदाज. कणकवलीच्या आमच्या कामगार सल्लागारांना फोन केला. ते म्हणाले, कधीपासून ते माहीत नाही ना, मग सगळ्याच तारखांना सहा मिनिटं वजा करा. शंकेचा फायदा त्यांना द्या.

मग बसले पुन्हा. 8:14 चं 8:08 झालं, म्हणजे सवलतीतच. अशा तीन तारखा गळल्या. वॉचमनचं गेटचं रजिस्टर काढलं, त्यात दोन दिवस रस्त्यावर झाड पडून एसटीच आली नव्हती आणि मालकांनी तेव्हा चालेल म्हणून सांगितलं होतं. त्याही गेल्या. उरल्या सहा: जुलैच्या 3, 8, 11, 17, 22 आणि 24. सर्वांत कमी उशीर 22 मिनिटांचा, सर्वांत जास्त 48 चा. सहाही तारखा गेटच्या रजिस्टरशी जुळल्या. अकरा डळमळीत तारखांपेक्षा या सहा किती भक्कम वाटल्या मला!

सल्लागारांनी आणखी एक चूक दाखवली. ताकिदीआधी मी खुलासाच मागितला नव्हता. मग तो मागणारा मेमो तीन दिवसांच्या मुदतीने दिला. "सकाळची गाडी वेळेवर येत नाही," असं काकांनी लिहून दिलं. आदर्श स्थायी आदेश म्हणजे सरकारने आखून दिलेले कामाच्या शिस्तीचे नियम. त्यांत सवयीने उशिरा येणं हे गैरवर्तन धरलंय, पण किती दिवस म्हणजे सवय, हे तिथे लिहिलेलं नाही. म्हणून तारखा आणि मिनिटंच बोलली पाहिजेत.

दुसऱ्या पत्रात "नेहमीच" आणि "गांभीर्य" दोन्ही काढले. मधला मजकूर असा:

"जुलै महिन्यात आपण खालील सहा दिवशी सवलतीच्या वेळेनंतर हजर झालात. (तक्ता: तारीख, हजर वेळ, उशीर मिनिटांत.) त्या दिवशी गोदाम उशिरा उघडल्यामुळे फोडणीचे काम थांबले. जूनमध्ये आपणांस तोंडी समज देण्यात आली होती. एसटी उशिरा येत असल्याचा आपला खुलासा विचारात घेतला. तथापि इतर दिवशी त्याच गाडीने आपण वेळेत हजर झाला आहात. यापुढे सकाळी 8 वाजता हजर राहावे. तीन महिन्यांत असे पुन्हा घडल्यास स्थायी आदेशांनुसार शिस्तभंगाची कारवाई करण्यात येईल."

"कामावरून काढू" असं आधीच लिहू नका. पुढची शिक्षा चौकशीआधी ठरवून टाकल्यासारखं ते होतं.

खाली एक ओळ टाकली: "सही फक्त पत्र मिळाल्याची पोच आहे, मजकूर मान्य असल्याची नव्हे." त्या ओळीवर बोट ठेवून काकांनी दोनदा वाचलं आणि सही केली, तारखेसकट. मला हुश्श झालं.

सही नाकारलीच असती, तर दोन साक्षीदारांसमोर पत्र वाचून दाखवून "घेण्यास नकार" असा शेरा आणि त्यांच्या सह्या घेतल्या असत्या. मग नोंदीतल्या पत्त्यावर पोस्टाने. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा स्पीड पोस्ट करून पोच मागायची. लिफाफा नकाराचा शेरा घेऊन परत आला तर फोडू नका, तसाच फाईलला लावा.

फाईलमध्ये पत्रामागे मेमो, काकांचा खुलासा, गेटच्या रजिस्टरची झेरॉक्स आणि मशीन व मोबाईल शेजारी ठेवून काढलेला फोटो लावलाय. पहिलं पत्र मी फाडून टाकलं नाही, "रद्द" लिहून तेही तिथेच ठेवलंय. आणि आता दर एक तारखेला मशीनचं घड्याळ लावून मी रजिस्टरमध्ये सही करते.