ऑर्डर चव्वेचाळीस कोटींची, भांडवल साडेपाच कोटींचं

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतला हा कारखाना ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्याच्या टाक्या बनवतो. मालक तिघे. कारखाना सांभाळणारे दोन सख्खे भाऊ, आणि दांडिया बाजारात राहणाऱ्या त्यांच्या काकू. काका गेल्यावर पंचवीस टक्के शेअर काकूंच्या नावावर आले. भाऊ डायरेक्टर म्हणून पगार घेतात. काकूंना मिळतो तो फक्त डिव्हिडंड. कंपनीचे हिशेब माझ्याकडे असल्यामुळे घरातलं कोण कोणाशी बोलत नाही हेही मला ठाऊक असतं.

त्या दिवशी धाकट्याने बोलावलं ते आनंदाने. एका मोठ्या ट्रान्सफॉर्मर कंपनीने विचारणा केली होती: आत्ता वीस कोटींची विक्री आहे, दर वर्षी तीस टक्के वाढवत तीन वर्षांत चव्वेचाळीस कोटींवर जाल का? भाव ठरलेला होता आणि मार्जिनही नेहमीचंच, शंभर रुपयांना पाच. अडचण एवढीच की बँकेने कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवायच्या अर्जावर अजून सही केली नव्हती. "बँकवाल्यांना धंदा कळत नाही," धाकटा म्हणाला.

मी बँकेचा उतारा मागितला. आठ महिन्यांत उचललेलं कर्ज एकदाही मर्यादेच्या दहा लाख खाली आलं नव्हतं. पैसे जमा व्हायचे आणि त्याच संध्याकाळी पगारात, पत्र्याच्या बिलांत जायचे. देणेकऱ्यांची यादी पाहिली, तर वेल्डिंग रॉड देणाऱ्या लहान पुरवठादाराची बिलं सत्तर दिवसांची झालेली. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांत द्यावे लागतात. वर्षअखेरीला थकलेली अशी रक्कम प्राप्तिकरात त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाही. नफा दाखवणाऱ्या कंपनीची ही दोन्ही लक्षणं एकत्र दिसली की माझं लक्ष नफ्यावरून उठतं आणि डिव्हिडंडवर जातं.

गेल्या वर्षीचे आकडे सरळ होते. वर्षाच्या सुरुवातीला स्वतःचं भांडवल पाच कोटी. कर भरून उरलेला नफा एक कोटी. त्यातले साठ लाख डिव्हिडंड म्हणून वाटले, चाळीस लाख कंपनीत राहिले. पाच कोटींवर चाळीस लाख म्हणजे आठ टक्के. नवे शेअर न काढता, कर्जाचं भांडवलाशी असलेलं प्रमाण न वाढवता ही कंपनी वर्षाला एवढीच वाढू शकते. अमेरिकेतले वित्तशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट हिगिन्स यांनी 1977 साली हा विचार सूत्रात मांडला. त्यामागचं कारण मात्र कोणत्याही जुन्या पेढीच्या मुनिमाला पटेल असंच आहे: विक्री वाढली की माल, उधारी, मशिनं सगळंच त्या मापाने वाढतं, आणि त्यातला आपला वाटा कुठून तरी आणावाच लागतो.

धाकट्याला हे पटेना. "नफा तर विक्रीबरोबर वाढणारच ना!"

वाढणार, पण मालमत्ता त्याहून मोठ्या पावलाने वाढते. या कारखान्यात एक रुपयाची विक्री करायला 65 पैशांची मालमत्ता अडकते. विक्री वीसावरून सव्वीस कोटी झाली की जवळजवळ चार कोटी जादा लागणार. त्या वर्षी नफा होईल एक कोटी तीस लाख, आणि जुन्याच प्रमाणात वाटला तर त्यातले 52 लाख कंपनीत उरतील. बाकीचे जवळजवळ साडेतीन कोटी बँक आणि पुरवठादार यांच्याच खिशातून यायचे. आज एक रुपया भांडवलामागे बाहेरची देणी 1 रुपया 41 पैसे आहेत. पहिल्या वर्षी ती 1.85 होतात, दुसऱ्या वर्षी 2.33, तिसऱ्या वर्षी 2.82. तीनच्या आसपास गेल्यावर बहुतेक बँका हात आखडता घेतात. म्हणजे कारखाना सर्वांत मोठा होईल त्याच वर्षी त्याचे पैसे आटतील. वाढलेल्या कर्जाचं व्याज तर मी यात धरलंच नव्हतं.

थोरल्यांनी मग सोपा उपाय सांगितला. "डिव्हिडंड बंद."

काकू तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "तुमचे पगार चालू राहणार ना? मग बंद होणार ते फक्त माझंच." खोलीत कुणी काही बोललं नाही, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. वर्षाचे पंधरा लाख हेच त्यांचं घर चालायचं साधन. आणि दुसरं असं की डिव्हिडंड पूर्ण बंद केला तरी सूत्र वीस टक्क्यांच्या पुढे जात नाही. तीस गाठायचे तर दुसरी कुठली तरी कळ दाबावीच लागणार होती.

घरातल्या कंपन्यांत आणखी एक वाट फार चालते: डिव्हिडंड घ्यायचा आणि तोच विनातारण कर्ज म्हणून कंपनीत परत आणायचा. 2020 पासून डिव्हिडंडवर कर घेणाऱ्याच्या हातात लागतो, त्यामुळे वरच्या स्लॅबमधल्या भावांचे निम्मे नाही तरी तिसरा हिस्सा वाटेतच जातो. थोरल्यांनी ते सुचवण्याआधीच मी ते खोडलं.

उरली होती उधारी. उघराणीचे, म्हणजे बिल काढल्यापासून पैसे यायला लागणारे, दिवस होते 110. ते नव्वदवर आले तर सव्वीस कोटींच्या विक्रीवर एक कोटी चाळीस लाखांच्या आसपास पैसे सुटतात. मोठ्या खरेदीदारावर काढलेली बिलं ट्रेड्सवर वटवता येतात. रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेली ही ऑनलाइन व्यवस्था आहे. खरेदीदाराने बिल मान्य केलं की बँका बोली लावतात, पैसे लगेच मिळतात आणि खरेदीदाराने पुढे बुडवलं तरी आपल्या गळ्यात येत नाही. व्याज आपल्याला पडतं, पण ते खरेदीदाराची पत पाहून ठरतं, आपली नाही. धाकटा खुलला. त्याला मी एवढंच बजावलं की हे पैसे एकदाच सुटतात. दिवस नव्वदवरून दर वर्षी सत्तर, पन्नास असे उतरत नाहीत. पहिलं वर्ष यावर निघेल, दुसऱ्याला परत सूत्राकडेच यावं लागेल.

डिव्हिडंडवर रस्सीखेच दुपारभर चालली. शेवटी टक्क्यांचा नाद सोडून रुपयांत ठरलं: दर वर्षी चाळीस लाख, नफा वाढला तरी तेवढेच. काकूंच्या वाट्याला दहा लाख येणार होते. त्यांनी मला विचारलं, "महागाई पण तेवढीच राहणार का?" मग दोन वर्षांनी रक्कम पुन्हा ठरवायची, हे त्यांनी लिहून घेतलं. मला ते रास्त वाटलं. वाढीची किंमत फक्त त्यांनीच का मोजायची?

या दोन्ही गोष्टी धरून पहिल्या वर्षी सव्वीस कोटी घेतले तरी देणी 1.46 वर थांबतात, म्हणजे आहेत जवळजवळ तिथेच. त्या वर्षी चाळीस लाख वाटून नव्वद लाख उरतील, 5 कोटी 40 लाखांवर सोळा-सतरा टक्के. म्हणून दुसऱ्या वर्षी चौतीस नाही, तीस कोटीच. खरेदीदाराला तसंच पत्र गेलं. एवढी मोठी ऑर्डर कोणी कमी करून मागतं याचं त्यांना नवल वाटलं असावं, कारण उत्तर यायला महिना लागला. पण होकार आला.

परवा धाकट्याचा फोन आला. "ते पुन्हा चौतीसचं विचारतायत."

"उघराणी किती दिवसांवर आहे?"

"एकशे चार."

"मग आधी तिसाचं तरी जमतंय का ते बघू," मी म्हटलं आणि उधारीची वयवार यादी मागवली.