उडीचा कर्व्ह: ब्लेंडरच्या ग्राफ एडिटरमध्ये कच्च्या कीफ्रेम घासूनपुसून घेताना

शॉट साधा होता. पात्र उभ्या जागेवरून पुढे साधारण एक मीटर उडी मारते आणि स्थिरावते. वेग सेकंदाला २४ फ्रेम. ब्लॉकिंग मी नेहमी Constant इंटरपोलेशनवर करतो, कारण पोझ जागच्या जागी थांबते आणि टायमिंग स्वच्छ दिसते. कंबरेच्या मुख्य कंट्रोलची उंची मीटरमध्ये अशी होती: पहिल्या फ्रेमला ०, जोर घेण्यासाठी खाली बसताना ९ व्या फ्रेमला −०.२५, चवडे सुटताना १३ ला ०.०८, सर्वांत वर २० ला ०.५०, चवडे टेकताना २७ ला पुन्हा ०.०८, धक्का पचवताना ३० ला −०.३० आणि ४० ला परत ०. पोझ पटत होत्या. पण सगळ्या कीफ्रेम निवडून T दाबून Bezier केल्या, की पात्र कुणीतरी दोरीने वर ओढल्यासारखे तरंगायला लागते. इथून पुढचे काम ग्राफ एडिटरचे.

आधी पसारा आवरायचा. कंबरेचा एकच कंट्रोल निवडून डावीकडच्या यादीत फक्त उंचीचा चॅनेल निवडला आणि Shift+H ने बाकीचे कर्व्ह लपवले. (परत आणायला Alt+H.) उंची म्हणजे निळा Z असेलच असे धरून चालू नये. हाडाचे चॅनेल त्या हाडाच्या स्वतःच्या अक्षांवर चालतात आणि हाडाचा Y त्याच्या लांबीच्या दिशेने असतो, त्यामुळे उभ्या हाडाची उंची हिरव्या Y वर सापडते. कंट्रोल जरासा वर हलवून कोणता आकडा बदलतो ते पाहिले की शंका मिटते. या रिगमध्ये उंची Z वर होती आणि पुढे जाणे Y वर.

वाचताना डोळ्यांना फसवणारी आणखी एक गोष्ट आहे. कर्व्हचा चढ म्हणजे वेग हे खरे, पण पडद्यावर दिसणारा चढ झूमवर अवलंबून असतो. Home दाबले की दोन्ही अक्ष वेगवेगळ्या प्रमाणात ताणले जातात, Ctrl धरून मधल्या बटणाने ओढले तरी तेच. Normalize चालू असेल तर आकडेही खरे दिसत नाहीत. म्हणून मी Normalize बंद ठेवतो आणि चढ दर फ्रेमला किती मीटर असा आकड्यातच मोजतो.

आता हवेतला भाग. पाय सुटल्यापासून टेकेपर्यंत शरीरावर फक्त गुरुत्वाकर्षणाची सत्ता, म्हणजे कंबरेची उंची पॅराबोलातच चालली पाहिजे. किती उंचीला किती फ्रेम लागतात, ते या सूत्रावरून निघते. h म्हणजे पाय सुटल्यापासून वरच्या टोकापर्यंतची उंची मीटरमध्ये:

```
frames_up = fps * sqrt(2*h / 9.81)
```

आपली h आहे ०.४२. उत्तर साधारण ७ फ्रेम येते, आणि १३ ते २० हे ७च आहेत. म्हणजे हवेतले टायमिंग ठीक होते, तरंगण्याचे कारण दुसरीकडे होते. पॅराबोलाच्या सुरुवातीचा वेग म्हणजे उंचीची दुप्पट भागिले फ्रेम: ०.८४ भागिले ७, अर्थात फ्रेमला ०.१२. वर जाताना पहिल्या क्षणाला शरीर या वेगात असायला हवे. Auto Clamped हँडल मात्र चढ ठरवते शेजारच्या कीफ्रेम पाहून, तिला गुरुत्वाकर्षण कळत नाही. सुटण्याच्या कीफ्रेमवर चढ कमी पडला, की शरीर जवळपास एकसारख्या वेगाने वर जाते आणि टोकाशी एकदम थबकते. दोरीने ओढल्यासारखे दिसते ते यामुळे.

हँडल ओढण्याआधी जमिनीवरचे फ्रेम तपासले, कारण तो ०.१२ चा वेग पायांनीच तयार करायचा असतो. ९ ते १३ या ४ फ्रेममध्ये कंबर ०.३३ वर येते. थांबलेल्या अवस्थेतून एकसारखा जोर लावला तर शेवटचा वेग अंतराच्या दुप्पट भागिले फ्रेम, म्हणजे ०.१६५. हा गरजेपेक्षा जास्त आहे. मग शरीर जमीन सोडण्याआधीच मंदावते, आणि उडीतला जोर तिथेच संपतो. तोच हिशोब उलटा केला तर ०.३३ साठी साडेपाच फ्रेम लागतात. मी ६ धरले. उतरताना तर ०.३८ अंतर ३ फ्रेममध्ये होते. फ्रेमला ०.१२ वेगाने आलेले शरीर तेवढ्यात हळू होऊच शकत नाही, ते तळाला आपटून थांबते. तिथेही हिशोब ६ फ्रेमच्या आसपास येतो.

हे सरकवणे मी डोपशीटमध्ये केले. ग्राफ एडिटरमध्ये फक्त समोर दिसणारे कर्व्ह हलतात आणि हातपाय मागे राहतात. सगळे कंट्रोल निवडून डोपशीटमध्ये चालू फ्रेम १२ वर नेऊन ] दाबले, की पुढच्या सगळ्या कीफ्रेम निवडल्या जातात. मग G, 2, Enter. नंतर तळाच्या पोझपासून पुढचे सगळे आणखी ३ फ्रेम. आता सुटणे १५ ला, टोक २२ ला, टेकणे २९ ला, तळ ३५ ला आणि स्थिरावणे ४५ ला.

आता हँडल. पॅराबोलाचा अर्धा भाग बेझिएमध्ये तंतोतंत बसतो. त्यासाठी दोन्ही हँडलची आडवी लांबी त्या भागाच्या एक तृतीयांश हवी, टोकाचे हँडल सपाट हवे आणि खालचे हँडल उंचीच्या दोन तृतीयांशापर्यंत वर. सात फ्रेमचा तिसरा भाग २.३३, आणि ०.४२ चे दोन तृतीयांश ०.२८. म्हणून १५ च्या कीफ्रेमचे उजवे हँडल फ्रेम १७.३३ वर, मूल्य ०.३६. टोकाची हँडल १९.६७ आणि २४.३३ वर, दोन्ही ०.५० ला. २९ चे डावे हँडल २६.६७ वर, ०.३६ ला. हे माउसने ओढत बसण्यापेक्षा N दाबून F-Curve टॅबमधल्या Active Keyframe मध्ये आकडे भरलेले बरे. त्याआधी V दाबून हँडलचा प्रकार Aligned केला, नाहीतर Auto Clamped तुमचा आकडा शेजारची कीफ्रेम हलली की पुन्हा स्वतःच्या मनाने बदलते.

१५ आणि २९ वर Aligned का, हे सांगायला हवे, कारण चेंडूच्या उदाहरणातून शिकलेले अनेकजण टेकण्याच्या फ्रेमला कर्व्ह तोडतात. चेंडूचा वेग जमिनीला लागताच उलटतो, म्हणून तिथे टोक येते. कंबरेचा वेग मात्र गुडघे वाकत हळूहळू शोषला जातो. २९ ला कंबर फ्रेमला ०.१२ नेच खाली येत असते आणि पुढेही थोडा वेळ तशीच खाली जाते. उजवे हँडल ३१ वर, −०.१६ ला: चढ तोच, फक्त लांबी पुढच्या सहा फ्रेमचा तिसरा भाग. १५ चे डावे हँडलही तसेच, १३ वर −०.१६ ला. ९ चे उजवे हँडल ११ वर सपाट, ३५ चे डावे ३३ वर सपाट. कर्व्ह कुठेही मोडत नाही.

पावलाचा कर्व्ह मात्र मोडायलाच हवा. पावलाच्या कंट्रोलची उंची १५ पर्यंत ०, २२ ला ०.३६, २९ ला पुन्हा ० आणि पुढे ०. १५ च्या आधीची कीफ्रेमही ० असल्यामुळे Auto Clamped तिथे हँडल सपाट करते. पाऊल जमिनीवरून अलगद सुटते आणि कंबर तर पहिल्याच फ्रेमला ०.११ वर गेलेली असते. १६ आणि १७ ला पाय काठीसारखा ताठ होतो, गुडघा झटका खातो. दोष गुडघ्यात दिसतो, मूळ पावलाच्या कर्व्हमध्ये असते. उपाय: V मधून Free, मग १५ चे उजवे हँडल १७.३३ वर ०.२४ ला, डावे सपाटच. २९ ला आरशातल्यासारखे उलट: डावे २६.६७ वर ०.२४ ला, उजवे सपाट. इथे चुकून Aligned राहिले तर कर्व्ह २९ नंतर शून्याच्या खाली बुडतो आणि चवडा जमिनीत रुततो.

पुढे जाण्याचा Y कर्व्ह पटकन झाला. हवेत आडवा वेग बदलत नाही, म्हणून १५ ते २९ ही सरळ रेषा हवी. ब्लॉकिंगमध्ये सगळ्या चॅनेलना एकदम की दिल्यामुळे २२ लाही Y ची कीफ्रेम होती, ०.६५ ला. १५ ला ०.१५ आणि २९ ला ०.९९, तर मध्य ०.५७ येतो. म्हणजे शरीर आधी वेगात जाऊन हवेतच मंदावत होते. ती कीफ्रेम काढून टाकली. उरलेल्या दोघींची आतली हँडल १९.६७ वर ०.४३ ला आणि २४.३३ वर ०.७१ ला ठेवली. चढ फ्रेमला ०.०६. Linear केले असते तरी रेषा मिळाली असती, पण Bezier Aligned ठेवल्यामुळे १५ च्या डावीकडचा जोरही याच चढाला जुळतो. बाहेरचे हँडल १३ वर ०.०३ ला आले.

सगळे झाल्यावर एकेक फ्रेम पुढे जाऊन आकडे पाहिले. टोकानंतर १, २, ३ फ्रेमला कंबर ०.००९, ०.०३४, ०.०७७ ने खाली यायला हवी. म्हणजे २५ ला उंची साधारण ०.४२३. हे जुळले की हवेतला भाग बरोबर. स्थिरावण्यासाठी ४५ ला ०.०२ आणि ५२ ला ० एवढ्या दोन कीफ्रेम पुरल्या, तिथे Auto Clamped वर काही हरकत नाही.

दिग्दर्शकाला पात्र टोकाशी किंचित जास्त रेंगाळलेले हवे असेल तर टायमिंगला हात न लावता टोकाची दोन्ही हँडल २.३३ वरून ३.५ फ्रेमपर्यंत लांबवावीत, खालची तशीच ठेवून. एखाद्या हँडलची आडवी लांबी मधल्या सात फ्रेमपेक्षा जास्त झाली तर ब्लेंडर ती स्वतःच आखडते, म्हणून ७ च्या पुढे ओढून उपयोग नाही. त्याहून जास्त रेंगाळायला हवे असेल, तर उडीच उंच करावी आणि वरच्या सूत्राने फ्रेम पुन्हा मोजावेत.